चारचं पोलाद, पंचावन्नचा साबण

2022 च्या मे महिन्यात बहिणीकडे निफाडला गेलो होतो. भाच्यानं लॉकडाऊनमध्ये डिमॅट खातं उघडलं होतं. जेवण झाल्यावर ओसरीवर बसून त्यानं मोबाइल पुढे धरला. कंपन्यांची यादी त्यानं ‘पीई’च्या रकान्यानुसार चढत्या क्रमानं लावली होती. वरच्या ओळींत टाटा स्टील होती, पीई चार. बोट बराच वेळ सरकवल्यावर खाली हिंदुस्थान युनिलिव्हर आली, पीई पन्नासच्या पुढे. “मामा, हे बघा. पोलाद चारला मिळतंय आणि साबण पंचावन्नला. लोक वेडे आहेत का?”

प्रश्न रास्त होता. 31 मार्च 2022 ला संपलेल्या वर्षात टाटा स्टीलचा एकत्रित निव्वळ नफा 41,749 कोटी रुपये होता, तर हिंदुस्थान युनिलिव्हरचा 8,818 कोटी. म्हणजे पोलादाचा नफा साबणाच्या जवळजवळ पाचपट. पण मार्चअखेरच्या भावानं मोजली तर अख्खी टाटा स्टील सुमारे 1.6 लाख कोटींची आणि युनिलिव्हर सुमारे 4.8 लाख कोटींची. पाचपट कमावणारी कंपनी बाजाराच्या लेखी एक तृतीयांश किमतीची होती.

पीई काढायला सोपा असतो. शेअरचा भाव घ्यायचा आणि कंपनीनं वर्षभरात एका शेअरमागे मिळवलेल्या नफ्यानं त्याला भागायचं. मार्चअखेर टाटा स्टीलचा शेअर 1,307 रुपयांच्या आसपास होता आणि शेअरमागे नफा सुमारे 330 रुपये, म्हणून पीई चार. युनिलिव्हरचा भाव सुमारे 2,050 आणि शेअरमागे नफा साडेसदतीस, म्हणून पंचावन्न. उलटं करून पाहिलं तर आकडा जास्त बोलतो. पोलादात घातलेल्या शंभर रुपयांमागे कंपनी वर्षाला पंचवीस रुपये कमावत होती, साबणात पावणेदोन. त्या वेळी बँकेतल्या लांब मुदतीच्या ठेवीवर साडेपाच टक्के मिळत होते. साबणाचा शेअर घेणारा माणूस ठेवीच्या तिसऱ्या हिश्शाएवढ्या कमाईवर समाधानी कसा, हे भाच्याला कळत नव्हतं.

उत्तर माझ्याआधी दाजींनी दिलं. ते कांदा लावतात आणि शेअर बाजाराला जुगार म्हणतात. सुपारी कातरता कातरता म्हणाले, “ज्या साली कांद्याला भाव लागला, त्या सालच्या पट्टीवर जमिनीचा सौदा करत नसतात.”

पुढचे दोन तास मी जे सांगितलं ते सगळं या एका वाक्यात होतं, फक्त दाजींना पीई हा शब्द माहीत नव्हता. लासलगावला भाव चढलेल्या वर्षी एका एकरानं दोन लाख दिले आणि जमीनमालक आठ लाख मागतोय, तर हिशेबानं ती जमीन ‘चारच्या पीई’वर मिळते. निफाडचा शेतकरी मात्र आधी विचारेल की गेल्या वर्षी काय सुटलं होतं, आणि त्याच्या आदल्या वर्षी? पीईत वरचा आकडा असतो भाव. भाव म्हणजे पुढच्या सगळ्या वर्षांबद्दल लोकांनी बांधलेला अंदाज. खालचा आकडा असतो एकाच वर्षाचा नफा. ते वर्ष नेहमीसारखं असेल तर भागाकाराला अर्थ असतो. काही धंद्यांत असं नेहमीसारखं वर्ष येतं, काहींत क्वचितच येतं.

पोलाद हा दुसऱ्या जातीचा धंदा. एक काल्पनिक कारखाना घेऊ. एक टन पत्रा बनवायला त्याला 45,000 रुपये खर्च येतो. बाजारात पत्र्याला 50,000 मिळत असतील, तर टनामागे 5,000 सुटतात. भाव 70,000 वर गेला तर 25,000 सुटतील. भाव वाढला चाळीस टक्के, नफा झाला पाचपट. भाव 44,000 झाला तर टनामागे हजाराचा तोटा. ब्लास्ट फर्नेस म्हणजे झोतभट्टी काही गॅसच्या शेगडीसारखी बंद-चालू करता येत नाही. ती रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, म्हणून भाव पडले तरी माल निघतच राहतो. शिवाय पत्र्याचा भाव कारखानदार ठरवत नाही. चीनमध्ये उत्पादन किती, युरोपात मागणी किती, ऑस्ट्रेलियाहून येणारा कोकिंग कोळसा कोणत्या दरानं उतरतो, यावर तो ठरतो. प्रत्यक्षात भाव चढतात तेव्हा कोळसाही महाग होतो, त्यामुळे माझ्या कारखान्याइतकं सरळ चित्र कधीच नसतं. पण झोके असेच असतात.

टाटा स्टीलचे खरे आकडे पाहा. 2019-20 मध्ये एकत्रित नफा 1,172 कोटी. पुढच्या वर्षी 8,190 कोटी. त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे भाचा बघत होता त्या वर्षी, 41,749 कोटी. कंपनी तीच, भट्ट्याही बऱ्याचशा त्याच. बदललं होतं ते मुख्यतः पोलादाचं जग. कोविडनंतर मागणी उसळली, चीननं उत्पादनाला आणि निर्यातीला आवर घातला, आणि जगभर पत्र्याचे भाव चढले.

आता याच आकड्यांवरून पीई कसा फसवतो ते बघू. मार्च 2020 च्या अखेरीस, टाळेबंदी लागून आठवडा झाला होता तेव्हा, टाटा स्टीलचा शेअर 270 रुपयांच्या आसपास होता. त्या वर्षाचा शेअरमागचा नफा होता सुमारे 12 रुपये. पीई बावीस-तेवीस. पोलादाच्या मानानं हा आकडा भलताच महाग. भाच्यानं त्या दिवशी यादी लावली असती, तर टाटा स्टील खूप खाली गेली असती आणि त्यानं तिच्याकडे पाहिलंही नसतं. दोन वर्षांनी शेअर 1,307 वर होता आणि पीई चार. म्हणजे 270 ला महाग आणि 1,307 ला स्वस्त! चढउताराच्या धंद्यात हा अपवाद नाही, बऱ्याचदा असंच होतं. नफा तळाला असतो तेव्हा भाव त्याच्याइतका पडत नाही, कारण बाजार पुढचं बघत असतो, म्हणून पीई फुगतो. नफा शिखरावर असतो तेव्हा भाव त्याच्याइतका चढत नाही, म्हणून पीई आक्रसतो. निकोलस मोलोडोव्हस्की या विश्लेषकानं 1953 मध्ये हे मांडलं, आणि अजूनही या गोष्टीला त्याचंच नाव आहे.

तेव्हा चारचा पीई पाहून ‘बाजाराला कळलं नाही’ असं म्हणायचं नसतं. बाजाराला कळलं होतं. तो एवढंच म्हणत होता की हे 330 रुपये आम्ही एकदाच मोजू, दरवर्षी मिळतील असं धरणार नाही. आणि बाजाराची शंका लवकरच खरी ठरली. महागाई आवरण्यासाठी केंद्र सरकारनं 22 मे 2022 पासून पोलादाच्या अनेक प्रकारांवर 15 टक्के निर्यात शुल्क लावलं. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, टाटा स्टील एका दिवसात सुमारे 12 टक्के पडली. शुल्क नोव्हेंबरमध्ये उठलं, पण तोवर जगातले भावही उतरले होते. 2022-23 चा एकत्रित नफा 8,075 कोटींवर आला.

युनिलिव्हरच्या खालच्या आकड्याचं तसं नाही. दुष्काळ असो, निवडणूक असो, आंघोळ होतेच. पामतेल महागलं की वडीचा भाव दोन रुपयांनी चढतो किंवा वडीच दहा ग्रॅमनी बारीक होते. कंपनीचा नफा 2021-22 मध्ये 8,818 कोटी होता, पुढच्या वर्षी 9,962, त्याच्या पुढे 10,114. जिन्याच्या पायऱ्यांसारखा. असा नफा एका वर्षाचा घेतला काय आणि तीन वर्षांचा घेतला काय, चित्र फारसं बदलत नाही. म्हणून साबणाच्या बाबतीत पीई निदान खोटं बोलत नाही. पंचावन्न म्हणजे खरोखरच पंचावन्न.

पण नफ्याचा एक रुपया दोन्हीकडे एकाच वजनाचा नसतो, आणि हे पीईच्या रकान्यात कुठेच दिसत नाही. युनिलिव्हरनं त्या वर्षी शेअरमागे साडेसदतीस रुपये कमावले आणि त्यातले 34 रुपये लाभांश म्हणून वाटून टाकले. धंदा चालू ठेवायला फारसं काही मागे ठेवावं लागलं नाही. माल दुकानात जातो, पैसे लवकर येतात, पुरवठादाराला ते सवडीनं जातात. टाटा स्टीलनं 330 मधले 51 रुपये वाटले. राहिलेले कुणी खिशात घातले नाहीत. कर्ज फेडायचं होतं, ओडिशातल्या कलिंगनगरचा कारखाना वाढवायचा होता. आणि भट्ट्या झिजतात. झोतभट्टीच्या आतलं विटांचं अस्तर काही वर्षांनी काढून नवं बसवावं लागतं. हिशेबात घसारा धरलेला असतो, पण तो जुन्या खरेदीच्या किमतीवर. नवी यंत्रं आजच्या भावानं घ्यावी लागतात. त्यामुळे पोलादाच्या कागदावरच्या नफ्यातला काही भाग खरं तर नफा नसतो, कारखाना जागेवर उभा ठेवण्याचा तो खर्च असतो. दाजींच्या भाषेत, बैल म्हातारा होतोय आणि आपण त्याची किंमत दहा वर्षांपूर्वीच्या बाजाराची धरतोय.

कर्जाचं प्रकरण याहून लबाड आहे. दोन एकसारखे कारखाने समजा. दोघांचाही व्याजापूर्वीचा नफा वर्षाला 100 कोटी. करांचा विचार बाजूला ठेवू. बाजार अशा कारखान्याची किंमत 700 कोटी धरतो. पहिल्यावर कर्ज नाही, तेव्हा त्याच्या शेअरची एकूण किंमत 700 कोटी, नफा 100 कोटी, पीई सात. दुसऱ्यावर 500 कोटींचं कर्ज आहे, दहा टक्क्यांनी. व्याजाचे 50 कोटी गेले की नफा उरतो 50 कोटी. कारखाना 700 कोटींचाच, पण त्यातले 500 कोटी बँकेचे, म्हणून भागधारकांच्या वाट्याला 200 कोटी. पीई चार. कारखाना तोच, किंमत तीच, फक्त उसनवारीमुळे एक ‘स्वस्त’ दिसतो. उद्या व्याजापूर्वीचा नफा निम्मा झाला, तर पहिल्याला 50 कोटी उरतील आणि दुसऱ्याला शून्य. गंमत अशी की ज्या धंद्यांना बाजार मोठे पट देतो तिथे कर्जानं पीई उलट वाढतो. म्हणजे कर्ज असलं की पीई अमुक दिशेनंच जातो, असा नियमही हाताशी राहत नाही.

मार्च 2022 मध्ये टाटा स्टीलवर हाती असलेली रोकड वजा जाता सुमारे 51,000 कोटींचं कर्ज होतं. अख्खी कंपनी घ्यायची तर 1.6 लाख कोटींवर हेही डोक्यावर घ्यावं लागलं असतं. युनिलिव्हरवर सांगण्यासारखं कर्ज नव्हतं.

बँकांच्या पीईबद्दल एवढंच सांगतो की तिथे नफा हाच मुळात अंदाज असतो. कोणतं कर्ज बुडेल आणि त्यासाठी किती तरतूद करायची हे बँक स्वतः ठरवते, तरतूद कमी केली की नफा वाढतो. म्हणून जाणकार बँकेचा भाव नफ्याऐवजी तिच्या पुस्तकी मूल्याशी ताडून बघतात. स्टेट बँकेचा पीई इन्फोसिसच्या पीईशेजारी ठेवून स्वस्त-महाग ठरवण्यात वेळ घालवू नये.

खालचा आकडा कुणाचा नफा धरून काढला, हेही तपासावं लागतं. राष्ट्रीय शेअर बाजार निफ्टी निर्देशांकाचा पीई पूर्वी कंपन्यांच्या एकट्या नफ्यावर काढायचा, उपकंपन्यांचा नफा त्यात नसायचा. 2021 च्या मार्चअखेरपासून त्यानं एकत्रित नफा धरायला सुरुवात केली. निफ्टीचा पीई चाळीसवरून एका रात्रीत तेहतीसवर आला. एकाही शेअरचा भाव त्यासाठी हलला नव्हता. टाटा स्टीलसारख्या कंपनीत हा फरक मोठा असतो, कारण तिचे कारखाने जमशेदपूरला आहेत तसे नेदरलँड्स आणि वेल्समध्येही होते.

मग भाच्यानं करायचं काय होतं? बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड यांनी 1934 मध्ये, महामंदीत हात पोळल्यावर, जे सुचवलं तेच. एका वर्षाचा नफा घेऊ नका, पाच-सात-दहा वर्षांची सरासरी घ्या. आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तीन वर्षांचे आकडे समोर होते: 1,172, 8,190 आणि 41,749. सरासरी सुमारे 17,000 कोटी. 1.6 लाख कोटींना तिनं भागलं की येतात साडेनऊ. चारचे साडेनऊ झाले, नुसती वर्षं वाढवली तर. पुढच्या दोन वर्षांचे आकडे तेव्हा कुणाकडे नव्हते. ते आता घातले तर पाच वर्षांची सरासरी येते सुमारे 10,900 कोटी आणि मार्च 2022 च्या भावाला पीई येतो जवळजवळ पंधरा. पंधरा आणि पंचावन्न यांतही अंतर आहे, पण ते समजण्यासारखं आहे. कर्ज, भट्ट्या आणि चीन त्यात मावतात.

सरासरीलाही मर्यादा आहे. कंपनीनं मधल्या काळात क्षमता दुप्पट केली असेल, तर जुन्या वर्षांचा नफा तिच्यावर अन्याय करतो. आणि ज्या धंद्याचं दुकानच कायमचं बसत चाललंय, त्याची सरासरी त्याला उगाच तरुण दाखवते. म्हणून सरासरीबरोबर दर वर्षाचे आकडेही एकाखाली एक लिहावेत. ओळ जिन्यासारखी दिसली तर एका वर्षाच्या पीईवर विसंबायला हरकत नाही. झोपाळ्यासारखी दिसली तर त्या रकान्यावर बोट ठेवून झाकून टाकावा.

पीई काहीच सांगत नाही असं मात्र नाही. एकाच धंद्यातल्या दोन कंपन्या, साधारण सारख्या कर्जाच्या, शेजारी ठेवल्या तर तो पुष्कळ सांगतो. साबणवाल्यांत एकाला पंचावन्न आणि दुसऱ्याला पस्तीस का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि त्याचं उत्तर कंपन्यांच्या ताळेबंदात सापडतं. वेगळ्या धंद्यांत मात्र तो कंपनीची किंमत कमी आणि बाजाराचा विश्वास जास्त सांगतो. पोलादाला चार देऊन बाजार म्हणत होता की हा नफा टिकायचा नाही. साबणाला पंचावन्न देऊन म्हणत होता की हा टिकेल आणि वर्षानुवर्षं वाढेल.

तो विश्वासही फुकट मिळत नाही. साडेसदतीस रुपयांचा नफा दहा वर्षं दर साल दहा टक्क्यांनी वाढला असं धरू. तो होईल सुमारे 97 रुपये. तेव्हा बाजारानं पंचावन्नऐवजी चाळीसपट दिले, आणि चाळीस हा काही दरिद्री आकडा नव्हे, तर शेअरचा भाव होईल 3,900 च्या आसपास. म्हणजे 2,050 वर वर्षाला साडेसहा टक्के, अधिक लाभांश. सगळं सुरळीत झालं तर एवढं. प्रत्यक्षात पुढच्या दोन वर्षांत नफा दर साल सुमारे सात टक्क्यांनीच वाढला. मागे वळून पाहिलं तरी तेच. मार्च 2020 मध्ये हाच शेअर 2,300 च्या आसपास होता, सत्तरच्या पुढच्या पीईवर. दोन वर्षांत नफा 6,738 कोटींवरून 8,818 कोटींवर गेला, हॉर्लिक्सही पदरात पडलं, आणि शेअर खाली आला. चांगली कंपनी आणि चांगला भाव यांत गल्लत केली की असं होतं.

भाच्यानं त्या दिवशी दोन्हीपैकी काही घेतलं नाही. दाजी म्हणाले, बरं झालं.

जुलै 2022 मध्ये टाटा स्टीलनं एका शेअरचे दहा केले. वेल्समधल्या पोर्ट टालबोटच्या जुन्या भट्ट्या बंद करण्याच्या खर्चासह मोठी रक्कम वजा झाली आणि 2023-24 मध्ये कंपनीला 4,910 कोटींचा एकत्रित तोटा झाला. तोट्याला पीई नसतो, त्या रकान्यात आडवी रेघ येते. त्या मार्चच्या अखेरीस शेअर होता 155 रुपयांवर, म्हणजे जुन्या हिशेबानं 1,550. पीई चार होता तेव्हाच्या भावापेक्षा अडीचशे रुपयांनी जास्त.